‘ऊन्दे एत मेमोरेस’: लांब लॅटिन वाक्यात कर्ता आणि क्रियापद कसं शोधायचं

प्रश्न: सर, मी चर्चच्या गायनवृंदात आहे. लॅटिन प्रार्थना गातो, पण अर्थ लावायला बसलो की शब्दकोशात प्रत्येक शब्द सापडतो आणि वाक्य मात्र हाती लागत नाही. कोण करतंय, काय करतंय, हेच कळत नाही. ‘ऊन्दे एत मेमोरेस’वर तर दोनदा हात टेकले. दहावीपर्यंत संस्कृत होतं, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर:

संस्कृतचा उपयोग होईल, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जास्त होईल. शाळेत अन्वयाच्या दोन पद्धती शिकवल्या असतील. दंडान्वयात कर्ता, कर्म, क्रियापद अशी सरळ ओळ मांडायची. खंडान्वयात आधी क्रियापद पकडायचं आणि मग त्यालाच विचारत सुटायचं: कोण? काय? कुणाला? कशाचं? लॅटिन शिकणारे बहुतेक जण पहिल्या शब्दापासून दंडान्वय करायला जातात आणि चौथ्या-पाचव्या शब्दापाशी अडकतात. उपासनेच्या लॅटिनला खंडान्वयच लागतो.

लिपीबद्दल एक सूचना आधीच देतो. उच्चार मी चर्चमधल्या वळणाने लिहितो आहे, फक्त ज्या जोडस्वराचा आपण गाताना ‘ए’ करतो तो इथे ‘आए’ लिहितो. म्हणजे ‘तुए’ ऐवजी ‘तुआए’. गाताना ‘ए’च म्हणा. पण अर्थ लावताना शेवट डोळ्यांना दिसायला हवा, कारण सगळा खेळ शेवटाचा आहे.

‘ऊन्दे एत मेमोरेस’ला हात घालण्याआधी एक लहान प्रार्थना सोडवू. बेनेडिक्शनच्या वेळी ही तुम्ही नक्की ऐकली असेल. 1264 साली पोप चौथे अर्बन यांनी कॉर्पुस क्रिस्तीचा सण सगळ्या लॅटिन चर्चसाठी लावून दिला, त्या सणाची ही प्रार्थना. परंपरेने ती संत थॉमस अक्वायनस यांच्या नावावर आहे.

> देउस, क्वी नोबिस सुब साक्रामेन्तो मिराबिली पास्सिओनिस तुआए मेमोरिआम रेलिक्विस्ती: त्रिबुए, क्वाएसुमुस, इता नोस कोर्पोरिस एत सांग्विनिस तुई साक्रा मिस्तेरिया वेनेरारी, उत रेदेम्प्त्सिओनिस तुआए फ्रुक्तुम इन नोबिस युजितेर सेन्त्सिआमुस.

पेन्सिल घ्या आणि सगळी क्रियापदं अधोरेखित करा. अर्थ आला नाही तरी चालेल, शेवट बघा. ‘-मुस’ म्हणजे आम्ही, ‘-इस्ती’ म्हणजे तू (भूतकाळी), ‘-रे’ किंवा ‘-री’ हा बहुधा ‘करणं, करायला’ असा अपूर्ण प्रकार. पाच सापडतील: रेलिक्विस्ती, त्रिबुए, क्वाएसुमुस, वेनेरारी, सेन्त्सिआमुस. त्यातलं ‘क्वाएसुमुस’ (आम्ही विनवतो) लगेच कंसात टाका. ते दिसायला पूर्ण क्रियापद असलं तरी वाक्याच्या बांधणीत त्याला जागा नाही. मराठीत बोलताना आपण मध्येच ‘कृपा करून’ म्हणतो, तेवढंच त्याचं काम. नवशिक्यांची निम्मी वाक्यं मी इथे मोडलेली पाहिली आहेत. ‘आम्ही’ असलेलं क्रियापद दिसलं की तेच मुख्य धरतात आणि मग ‘त्रिबुए’ (दे) पोरकं होतं.

उरलेल्या चारांना आपापल्या घरात बसवायचं. ‘क्वी’ (जो) आणि ‘उत’ (की, म्हणून) हे दरवाजे आहेत. दरवाजा उघडला की एक नवं उपवाक्य सुरू झालं, आणि त्याचं क्रियापद कुठेतरी पुढे येणारच. ‘क्वी’चं रेलिक्विस्ती, ‘उत’चं सेन्त्सिआमुस. दरवाजाबाहेर उरलं ते ‘त्रिबुए’. हेच मुख्य क्रियापद, आज्ञार्थी, म्हणून त्याचा कर्ता ‘तू’ आणि तो वेगळा लिहिलेला नाही. शोधू नका, सापडणार नाही.

आता ‘देउस’. शब्दकोश सांगतो ‘देव’, रूप प्रथमेचं, जागा पहिली. सगळ्यांना वाटतं हाच कर्ता. पण ‘रेलिक्विस्ती’चा शेवट ‘तू’ सांगतो आहे. ‘देव’ कर्ता असता तर क्रियापद तृतीय पुरुषी आलं असतं. म्हणजे हे संबोधन: ‘हे देवा, ज्या तू... ठेवलीस’. या शब्दाची प्रथमा आणि संबोधन चर्चच्या लॅटिनमध्ये सारखीच दिसतात, त्यामुळे निकाल क्रियापदाच्या शेवटाने लावायचा. इथे ‘ठेवली’ नाही, ‘ठेवलीस’ हवं. तो एक ‘स’ निसटला की प्रार्थना देवाला न राहता देवाविषयी होते. (बहुतेक रोमन प्रार्थना पित्याला उद्देशून असतात. ही ख्रिस्ताला आहे, हे पुढच्या ‘पास्सिओनिस तुआए’, म्हणजे ‘तुझ्या दुःखसहनाची’, या शब्दांवरून कळतं.)

आता प्रत्येक क्रियापदाला प्रश्न विचारा. ठेवलीस, काय? ‘मेमोरिआम’, आठवण, ‘-आम’ हा द्वितीयेचा शेवट. कुणासाठी? ‘नोबिस’, आमच्यासाठी. हा शब्द क्रियापदापासून सहा शब्द लांब उभा आहे, पण चतुर्थी असल्यामुळे त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. कशाची आठवण? ‘पास्सिओनिस तुआए’. कशात? ‘सुब साक्रामेन्तो मिराबिली’, अद्भुत संस्काराच्या रूपात.

‘दे’ला विचारा: काय दे? इथे नाम येत नाही, ‘नोस... वेनेरारी’ येतं. ‘नोस’ म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आम्हांला’ दोन्ही. इथे तो द्वितीयेत आहे आणि ‘वेनेरारी’चा कर्ता आहे. कर्ता द्वितीयेत ऐकून बिचकू नका, मराठीतही आपण ‘आम्हांला वंदन करू दे’ असंच म्हणतो. वंदन करणारे आम्हीच, तरी रूप ‘आम्हांला’. इथेही दोघांच्या मध्ये सहा शब्द आहेत, आणि ते सगळे मिळून एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: कशाला वंदन? ‘कोर्पोरिस एत सांग्विनिस तुई साक्रा मिस्तेरिया’, तुझ्या शरीराच्या आणि रक्ताच्या पवित्र रहस्यांना. षष्ठी आधी, नाम नंतर, अगदी आपल्यासारखं. शेवटचं उपवाक्यही तसंच उलगडतं. म्हणजे पूर्ण वाक्य असं:

हे देवा, ज्या तू या अद्भुत संस्कारात तुझ्या दुःखसहनाची आठवण आमच्यासाठी मागे ठेवलीस, तू आम्हांला, आम्ही विनवतो, तुझ्या शरीराच्या आणि रक्ताच्या पवित्र रहस्यांना असं वंदन करू दे, की तुझ्या तारणाचं फळ आम्हांला अंतरी सतत जाणवत राहील.

तीनही खंडांत क्रियापद शेवटी का गेलं, याचं एक कारण तुमच्या कानाला सापडेल. आघात मोठ्याने म्हणून बघा: मे-मो-रि-आम रे-लि-क्विस्-ती. मिस्-ते-रि-आ वे-ने-रा-री. यु-जि-तेर सेन्-त्सि-आ-मुस. तिन्ही ठिकाणी एक आघात, मग चार हलकी अक्षरं, मग दुसरा आघात आणि एक हलकं अक्षर. या ठेक्याला कुर्सुस वेलोक्स म्हणतात, म्हणजे धावती चाल. मध्ययुगात पोपच्या कचेरीतली पत्रंसुद्धा असल्या ठेक्यांवर संपवायची पद्धत होती. ‘युजितेर’ हे क्रियाविशेषण ‘सेन्त्सिआमुस’च्या आधी नेमकं तिथेच बसलं, ते या ठेक्यात चपखल बसतं म्हणून. तेव्हा शब्द जागेवरून हलले म्हणजे लेखक विस्कळीत होता असं समजू नका. आणि गाणाऱ्याला यातून एक चांगली खूण मिळते: सूर जिथे उतरतो आणि थांबतो, त्याच्या लगेच आधीच्या शब्दाकडे बघा, तिथे क्रियापद असण्याची शक्यता मोठी.

मात्र ही खूण ‘ऊन्दे एत मेमोरेस’मध्ये फसते, आणि तुम्ही तिथेच अडकलात याचं मला आश्चर्य वाटत नाही. मिस्साच्या रोमन महाप्रार्थनेतलं हे वाक्य बघा:

> ऊन्दे एत मेमोरेस, दोमिने, नोस सेर्वी तुई, सेद एत प्लेब्स तुआ सांक्ता, एयुसदेम क्रिस्ती, फिलिई तुई, दोमिनी नोस्त्री, ताम बेआताए पास्सिओनिस, नेकनोन एत आब इन्फेरिस रेसुर्रेक्त्सिओनिस, सेद एत इन चाएलोस ग्लोरिओसाए आशेन्सिओनिस: ओफ्फेरिमुस प्राएक्लाराए मायेस्ताती तुआए दे तुइस दोनिस आक दातिस ओस्तिआम पुराम, ओस्तिआम सांक्ताम, ओस्तिआम इम्माकुलाताम, पानेम सांक्तुम वीताए आएतेर्नाए एत कालिचेम सालूतिस पेर्पेतुआए.

क्रियापदं अधोरेखित करा. एवढ्या मोठ्या वाक्यात एकच आहे: ‘ओफ्फेरिमुस’, आम्ही अर्पण करतो. ते शेवटी नाही, मध्ये आहे. आधी करणाऱ्यांची ओळख आणि त्यांचं स्मरण, मग क्रियापद, मग अर्पण केलेल्या वस्तूंची रांग. क्रियापदाच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन ढीग करा आणि वेगवेगळे सोडवा.

पलीकडचा ढीग सोपा. काय अर्पण करतो? द्वितीयेतले शब्द उचला: ओस्तिआम तीनदा, मग पानेम, मग कालिचेम. बळी, भाकर, प्याला. कुणाला? ‘प्राएक्लाराए मायेस्ताती तुआए’. ‘-आए’ हा शेवट फसवा आहे, तो षष्ठीही असतो आणि चतुर्थीही. पण मधलं ‘मायेस्ताती’ फक्त चतुर्थीच असू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंचे विशेषण-शब्दही चतुर्थीचेच: तुझ्या तेजस्वी महिम्याला. याच वाक्यात ‘वीताए आएतेर्नाए’ला तोच शेवट आहे, पण ती षष्ठी, कारण ते ‘पानेम’ला चिकटलंय: सार्वकालिक जीवनाची भाकर. नियम असा की शेवट संदिग्ध असेल तर त्याच गटातला असा शब्द शोधा ज्याच्या रूपाचा एकच अर्थ होतो, आणि त्याच्यावर निकाल सोडा.

अलीकडचा ढीग हीच खरी गाठ. ‘दोमिने’ हे संबोधन, कंसात टाका. आता ‘आम्ही अर्पण करतो’ला विचारा: आम्ही म्हणजे कोण? प्रथमेचे उमेदवार चार: मेमोरेस, नोस, सेर्वी, प्लेब्स. पहिली तीन रूपं दुहेरी आहेत. ‘मेमोरेस’ आणि ‘नोस’ प्रथमा असू शकतात, द्वितीयाही. ‘सेर्वी’ म्हणजे ‘दास’ अनेकवचनी किंवा ‘दासाचा’. ‘प्लेब्स’ मात्र निखळ प्रथमा. आणि ‘सेद एत’ (तसेच) त्याला ‘नोस सेर्वी तुई’शी बांधतं, म्हणून तेही प्रथमाच. कर्ता असा: आम्ही तुझे दास, तसेच तुझी पवित्र प्रजा. ‘प्लेब्स’ एकवचनी असून क्रियापद ‘-मुस’ का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. कर्ता जोडीचा आहे आणि त्यात ‘आम्ही’ आहे, म्हणून क्रियापद ‘आम्ही’चं.

इथे ‘तुई’ दोनदा आलंय, तिकडे जरा थांबा. ‘सेर्वी तुई’ म्हणजे तुझे दास, प्रथमा अनेकवचन. ‘फिलिई तुई’ म्हणजे तुझ्या पुत्राचं, षष्ठी एकवचन. अक्षर न् अक्षर सारखं, मध्ये जेमतेम आठ शब्द, आणि विभक्ती वेगळी. पहिल्याचा निकाल ‘नोस’ लावतो, दुसऱ्याचा ‘एयुसदेम’ (त्याच), जे फक्त षष्ठीच असू शकतं. म्हणून षष्ठी. शेजारचा शब्द न बघता नुसत्या ‘तुई’वर भाषांतर केलंत तर ‘तुझे पुत्र’ अर्पण करायला निघतील.

आता षष्ठीचा ढिगारा उरला: क्रिस्ती, फिलिई, दोमिनी आणि मग पास्सिओनिस, रेसुर्रेक्त्सिओनिस, आशेन्सिओनिस. ही सगळी षष्ठी कुणाची? मागे कुणीतरी तिची मागणी केली असली पाहिजे. तो शब्द अगदी सुरुवातीला उभा आहे: ‘मेमोरेस’, स्मरण ठेवणारे. स्मरणाला कर्म षष्ठीत लागतं. संस्कृतात ‘मातुः स्मरति’ शिकला असाल, तोच प्रकार. ‘मेमोरेस’ आणि ‘पास्सिओनिस’ यांच्यामध्ये सतरा शब्द आहेत, पण मागणी सुरुवातीलाच नोंदवली गेली आहे आणि ती पुरी होईपर्यंत वाचकानं ती लक्षात ठेवायची. कुणाचं दुःखसहन? ‘एयुसदेम क्रिस्ती’, त्याच ख्रिस्ताचं. म्हणजे षष्ठीच्या आत षष्ठी. ‘आब इन्फेरिस’ (मृतलोकातून) हे पुनरुत्थानाला लागतं, ‘इन चाएलोस’ (स्वर्गात) हे आरोहणाला. दोन्ही आपापल्या नामाच्या आधी आली आहेत, इतकंच.

हा सांगाडा माझ्या मनचा नाही, याला एक जुना पुरावा आहे. मिलानचे बिशप संत अँब्रोझ (मृत्यू 397) यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिलेल्या प्रवचनांत याच प्रार्थनेचं एक जुनं रूप उद्धृत केलंय: ‘एर्गो मेमोरेस ग्लोरिओसिस्सिमाए एयुस पास्सिओनिस एत आब इन्फेरिस रेसुर्रेक्त्सिओनिस एत इन चाएलुम आशेन्सिओनिस, ओफ्फेरिमुस तिबी हांक इम्माकुलाताम ओस्तिआम...’ इथे ‘मेमोरेस’नंतर दोनच शब्दांवर ‘पास्सिओनिस’ भेटतं. दास नाहीत, प्रजा नाही, ‘तुझा पुत्र, आमचा प्रभू’ नाही. दोन्ही रूपं शेजारी लिहून काढा. मेमोरेस, तीन षष्ठ्या, ओफ्फेरिमुस, ओस्तिआम हा कणा दोन्हीकडे तोच दिसेल, आणि रोमन रूपात मध्ये काय काय भरलंय तेही. माझ्या मते हे वाक्य शिकवायचा याहून चांगला रस्ता नाही.

जाता जाता एक इशारा. ‘मेमोरेस’पुढे ‘आहोत’ घालून ‘आम्ही स्मरण करत आहोत’ असं वेगळं वाक्य करायचा मोह होतो. वाचायच्या भाषांतरात तसं तोडलं तर चालेल, पण अन्वय करताना तोडू नका. लॅटिनात तिथे क्रियापद नाही, स्मरण हे अर्पण करणाऱ्यांचं विशेषण आहे: ‘स्मरण ठेवून आम्ही, तुझे दास... अर्पण करतो’.

आपलं चुकलं हे कसं ओळखायचं? शेवटी एकही शब्द बेवारस उरता कामा नये, आणि एकही शब्द दोनदा वापरलेला नको. षष्ठी उरली असेल तर तिची मागणी करणारा शब्द तुमच्या नजरेतून सुटला. द्वितीया उरली असेल तर बहुधा ‘नोस... वेनेरारी’सारखी जोडी सुटली. प्रथमेचा शब्द उरला आणि क्रियापद ‘तू’चं असेल, तर तो शब्द संबोधन म्हणून वाचून बघा.

विरामचिन्हांवर मात्र आंधळा विश्वास नको. ती संपादकांची असतात. प्रेफेसमधल्या एकाच शब्दरांगेची जुन्या मिस्साग्रंथात ‘दोमिने सांक्ते, पातेर ओम्निपोतेन्स, आएतेर्ने देउस’ अशी विभागणी आहे आणि 1970 नंतरच्या ग्रंथात ‘दोमिने, सांक्ते पातेर, ओम्निपोतेन्स आएतेर्ने देउस’ अशी. पवित्र कोण, प्रभू की पिता? रूपं दोन्हींना मुभा देतात, आणि व्याकरण इथे हात वर करतं. कर्ता-क्रियापदाला याने धक्का लागत नाही, ते ‘नोस... ग्रात्सिआस आजेरे’मध्ये सुरक्षित आहेत (पुन्हा द्वितीयेतला कर्ता, ओळखीचा झाला असेल). अशा जागी तुमच्या वृंदाचं पुस्तक जशी विभागणी देतं, तशी गा.

हे जमलं की लगेच त्याच्या पुढचं वाक्य घ्या, ‘सुप्रा क्वाए प्रोपित्सिओ आक सेरेनो वुल्तू रेस्पिचेरे दिन्येरिस’. मुख्य क्रियापद ‘दिन्येरिस’, कर्ता लपलेला ‘तू’. पुढे ‘पुएरी तुई युस्ती आबेल’ येईल. ‘आबेल’ला विभक्तीचा शेवटच नाही, त्यामुळे त्याची विभक्ती शेजारच्या तीन शब्दांवरून ठरवा, ‘तुई’ इथे कोणता, तेही सांगा. त्यानंतरच्या ‘क्वोद तिबी ओब्तुलित सुम्मुस साचेर्दोस तुउस मेल्किसेदेक’मध्ये क्रियापद आधी आणि कर्ता नंतर आहे. तिथे ‘क्वोद’ला कर्ता समजू नका. तो अन्वय लिहून पाठवा, मी तपासून देतो.